उजवा कान 5+, आणि पुढची पाच वर्षं

तो पहिल्यांदा आमच्या लॅबच्या बाकावर येऊन बसला तेव्हा त्याच्या हातात तालुक्याच्या एका खासगी लॅबचा रिपोर्ट होता आणि त्यावर लिहिलं होतं, कुष्ठरोगाचं स्मिअर निगेटिव्ह, म्हणजे कातडीतून खरवडून घेतलेल्या नमुन्यात जंतू दिसले नाहीत. वय 46, चंद्रपूर जिल्ह्यातला धान लावणारा शेतकरी, ओळख पटू नये म्हणून बाकी तपशील गाळतेय. दीड वर्षापासून नाक चोंदलेलं, अधनंमधनं नाकातून रक्त, संध्याकाळी पाय सुजायचे, ॲलर्जीच्या गोळ्या खाऊन झालेल्या. अंगावर चट्टा एकही नाही. चेहरा मात्र तेल चोळल्यासारखा चकचकीत, भुवयांचे बाहेरच्या टोकाचे केस विरळ झालेले, आणि कानाच्या पाळ्या जाड, चिमटीत धरल्या की आत बारीक गाठी लागत होत्या. घरचे म्हणत होते की चेहऱ्यावर तेज आलंय.

कुष्ठरोग म्हटलं की सगळे बधिर चट्टा शोधतात, आणि बहुतेक पेशंटमध्ये तो असतोही. पण चट्टा उठायला शरीराने जंतूशी थोडीफार झुंज द्यावी लागते. ज्यांचं शरीर या जंतूला अडवतच नाही त्यांच्यात तो सगळ्या कातडीत एकसारखा पसरत जातो, आणि सगळीच कातडी सारखी बदलली की वेगळं असं काही डोळ्याला दिसतच नाही. अशा माणसात जंतू सगळ्यात जास्त आणि निदान सगळ्यात उशिरा. आमच्या मेडिकल ऑफिसरनी त्याच्या कानाला हात लावला, मनगटाजवळच्या आणि कोपराच्या नसा चाचपल्या आणि मला म्हणाले, रिपोर्ट बाजूला ठेव, स्मिअर तू स्वतः परत घे.

मी गेली सोळा वर्षं हेच काम करतेय, तर इथे जरा थांबून सांगते, कारण पहिला रिपोर्ट का चुकला ते या पायऱ्यांमध्येच आहे.

स्मिअर घ्यायला चार जागा ठरवल्या, दोन्ही कानाच्या पाळ्या, कपाळ, आणि पाठीवरचा थोडा जाड वाटणारा भाग. कान नेहमीच घ्यायचा, कारण या जंतूला थंडावा मानवतो आणि कानाची पाळी ही शरीराची थंड जागा. स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यायचं. मग अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत कातडी इतकी घट्ट धरायची की ती पांढरी पडली पाहिजे, म्हणजे तिथलं रक्त बाजूला सरलं. 15 नंबरच्या ब्लेडने साधारण 5 मिलिमीटर लांब आणि 2 मिलिमीटर खोल चीर द्यायची. चिमटी अजिबात सोडायची नाही. मग ब्लेड काटकोनात वळवायचं आणि चिरेच्या आतल्या भिंतीवरून एकाच दिशेने दोन-तीनदा खरवडायचं. पात्याच्या टोकावर जो पांढुरका-गुलाबी पातळ लगदा येतो तोच आपल्याला हवा असतो, तो स्लाईडवर 5 ते 7 मिलिमीटरच्या गोल ठिपक्यात पसरायचा. रक्त आलं तर कापसाने टिपून परत खरवडायचं, पण रक्त स्लाईडवर घ्यायचं नाही. जंतू कातडीच्या आतल्या पेशींमध्ये असतात, रक्त आलं की ते सगळं पातळ होऊन जातं आणि धुताना ठिपका स्लाईडवरून सुटतोही.

चिमटी सैल पडणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे आणि ती का होते तेही मला कळतं, समोरचा माणूस दुखतंय म्हणून मान मागे घेतो आणि आपला हात आपोआप ढिला होतो. मी त्याला आधीच सांगितलं, भाऊ, चिमटीच जास्त दुखेल, ब्लेड कमी दुखेल, दहा सेकंद सोसा. त्याने कपाळाच्या वेळी तोंड वाकडं केलं, कानाला काहीच बोलला नाही. कानाला चीर दिलेली त्याला जवळपास कळलीच नव्हती, आणि ते मी कागदावर लिहून ठेवलं.

आता रंगवणं. लाल कार्बोल फुक्सिन घालून खालून वाफ येईपर्यंत गरम करायचं, उकळू द्यायचं नाही, पाच मिनिटं ठेवायचं, धुवायचं. मग ॲसिड अल्कोहोल, आणि खरी गोम इथेच आहे. टीबीचा जंतू आणि कुष्ठरोगाचा जंतू एकाच घराण्यातले, दोघंही ॲसिडने धुतलं तरी लाल रंग सोडत नाहीत, पण कुष्ठरोगाचा जंतू या बाबतीत हळवा आहे. थुंकीच्या स्लाईडला चालतं ते 25 टक्के सल्फ्युरिक ॲसिड याला लावलं तर लाल रंग निघून जाऊ शकतो. आम्ही 1 टक्का ॲसिड अल्कोहोल वापरतो आणि तेही काही सेकंदच, मग मिथिलीन ब्लू एक मिनिट.

त्या खासगी लॅबला फोन करून मी ती जुनी स्लाईड मागवून घेतली. चांगला मुलगा होता, लगेच घेऊन आला. ठिपक्यात रक्तच रक्त होतं, आणि बोलताबोलता कळलं की त्याने ती स्लाईड थुंकीच्या स्लाईडींच्या रांगेतच त्याच ॲसिडने धुतली होती. त्यांच्याकडे कुष्ठरोगाचं स्मिअर वर्षातनं एखादं येतं, कोणी शिकवलेलंच नाही. मायक्रोस्कोपखाली कुठे कुठे फिकट गुलाबी सावली, मोजावं असं काही नाही. म्हणजे पेशंटमध्ये जंतू होते, स्लाईडवर येताना निम्मे हुकले आणि उरलेले धुऊन गेले.

माझ्या स्लाईडवर उजव्या कानाचा ठिपका मायक्रोस्कोपच्या ऑइल इमर्शन लेन्सखाली लावला आणि पहिल्याच फील्डमध्ये, म्हणजे एका वेळी दिसणाऱ्या गोल भागात, निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्याच काड्या. काही सुट्या, काही सिगारेटच्या जुडीसारख्या एकमेकींना चिकटून, आणि काही ठिकाणी गोल गोळे, त्यांना ग्लोबाय म्हणतात, एकेका गोळ्यात शेकडो जंतू.

हे मोजायची जी पद्धत जगभर वापरतात ती रिडलीची, 1958 सालची, आणि ती दहाच्या पटीत चढते. 100 फील्ड बघून एकही नाही तर शून्य. 100 फील्डमध्ये मिळून 1 ते 10 जंतू दिसले तर 1+, 10 फील्डमध्ये 1 ते 10 असतील तर 2+, सरासरी एका फील्डमध्येच 1 ते 10 असतील तर 3+. त्यानंतर फील्डमध्ये 10 ते 100 म्हणजे 4+, 100 ते 1000 म्हणजे 5+, आणि हजाराच्या वर, गोळ्यांनी भरलेलं फील्ड म्हणजे 6+. खालच्या ग्रेडला 100 फील्ड बघावीच लागतात, वरच्या ग्रेडला 25 पुरतात. आता कोणी एका फील्डमध्ये तीनशे जंतू एकेक करून मोजत नाही. मी फील्डचे मनात चार भाग करते, एक पाव मोजते आणि चारने गुणते. उजव्या कानाच्या पावात 60 च्या आसपास येत होते, म्हणजे फील्डला 240, म्हणजे 5+. डावा कान तसाच, 5+. कपाळावर फील्डला 70 च्या आसपास आणि पाठीवर 30 च्या आसपास, दोन्ही 4+. चारही ठिकाणची बेरीज 18, भागिले 4, त्याचा बॅक्टेरियल इंडेक्स म्हणजे बीआय आला 4.5.

हा सरासरी काढायचा प्रकार सोयीचा आहे पण त्यात एक खाच आहे. समजा एका कानात फील्डला 300 जंतू आहेत, 5+, आणि पाठीवर फील्डला 3, म्हणजे 3+. सरासरी बीआय 4. पण खऱ्या आकड्यांची सरासरी केली तर फील्डला दीडशे, म्हणजे 5+ च्या घरात. दहाच्या पटीतले आकडे सरासरीला घेतले की जास्त जंतूंची जागा झाकली जाते. म्हणून मी रिपोर्टवर नुसता बीआय कधीच लिहीत नाही, चारही जागांचा ग्रेड वेगवेगळा लिहिते आणि सगळ्यात जास्त ग्रेडखाली रेघ मारते. पुढच्या वेळी स्मिअर घेणाऱ्यालाही त्याच जागा सापडल्या पाहिजेत.

दुसरा आकडा मॉर्फॉलॉजिकल इंडेक्स, एमआय. यात जंतू किती ते बघायचं नाही, कसे दिसतात ते बघायचं. जी काडी टोकापासून टोकापर्यंत एकसारखी गडद रंगलीय, कडा समांतर आहेत, ती अखंड, म्हणजे बहुतेक जिवंत. जी मध्येमध्ये तुटलीय किंवा मण्यांच्या माळेसारखी झालीय ती मेलेली. गोळ्यातले जंतू धरायचे नाहीत, सुटे 200 मोजायचे. त्याच्या उजव्या कानाच्या ठिपक्यात 200 पैकी 12 अखंड निघाले, म्हणजे 6 टक्के. आणि हे उपचार सुरू व्हायच्या आधी! इतक्या जंतूंमध्येही बहुतेक मेलेलेच असतात, शरीर त्यांना वेळेवर साफ करत नाही म्हणून ते साठत जातात. एमआय मोजणं बऱ्याच ठिकाणी सोडून दिलंय, कारण दोन माणसं तीच स्लाईड बघून वेगळे आकडे देतात, आणि रंग जरा कमी झाला किंवा ॲसिड जरा जास्त झालं तरी अखंड काडी तुटकी दिसते. मी अजून मोजते, पण एकट्या त्या आकड्यावर विसंबत नाही.

रिपोर्ट घ्यायला त्याच्यासोबत भाचा आला. तो लॅब टेक्निशियनचा डीएमएलटी कोर्स करत होता, त्यामुळे त्याला बरंच कळत होतं. म्हणाला, ताई, आमच्या गल्लीत एकाला टीबी झाला तर त्याची थुंकी कल्चरला पाठवली, जंतू वाढवून कुठलं औषध लागू पडतं ते बघितलं, मग मामाचं पण कल्चर करा ना, पैसे लागले तर आम्ही देतो. त्याला खाली बसवून सांगितलं ते इथे पण सांगते.

हा जंतू कुठल्याही प्लेटवर, कुठल्याही बाटलीत, कोणत्याही मीडियावर वाढत नाही. नॉर्वेतल्या बर्गनमध्ये डॉक्टर हॅन्सननी तो 1873 साली बघितला, म्हणजे माणसात रोग घडवणारा म्हणून ओळखल्या गेलेल्या अगदी पहिल्या जंतूंपैकी हा, आणि दीडशे वर्षं होऊन गेली तरी तो कोणालाही प्रयोगशाळेत वाढवता आलेला नाही. आपल्या मुंबईतही प्रयत्न झाला, 1958 मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये पेशंटच्या गाठीतून एक जंतू वाढवला गेला, त्याला आयसीआरसी बॅसिलस नाव पडलं, पुढे त्यावरून लसही करून बघितली, पण तो जंतू वेगळ्याच जातीचा निघाला. असे दावे जगात अनेकदा झाले, प्रत्येक वेळी दुसराच कोणी जंतू वाढलेला असायचा.

का वाढत नाही याचं बरंचसं उत्तर 2001 मध्ये मिळालं, त्याचा सगळा जीनोम वाचला गेला तेव्हा. टीबीच्या जंतूकडे जवळपास 4000 चालू जीन्स आहेत, याच्याकडे फक्त 1600 च्या आसपास, आणि हजाराच्या वर जीन्स मोडून पडलेल्या, बंद घरासारख्या तशाच उभ्या. लोह गोळा करायची व्यवस्था गेली, ऊर्जा काढायच्या कितीतरी वाटा गेल्या. माणसाच्या पेशीत आयतं मिळत राहिलं म्हणून ज्या गोष्टी लागेनाशा झाल्या त्या याने टाकून दिल्या, आता बाहेर काढलं की त्याला जगताच येत नाही. शिवाय वाढ इतकी हळू की एकाचे दोन व्हायला 12 ते 14 दिवस लागतात, टीबीच्या जंतूला साधारण एक दिवस लागतो.

मग जिवंत वाढवायचा तर प्राण्यात. 1960 मध्ये शेपर्ड यांनी दाखवलं की उंदराच्या तळपायात हा वाढतो, कारण ती जागा थंड. तिथे पाच-दहा हजार जंतू टोचायचे आणि सहा-आठ महिन्यांनी ते दहा लाखाच्या आसपास जातात, त्यापुढे वाढत नाहीत. नऊ पट्ट्यांच्या आर्माडिलो नावाच्या कवचवाल्या प्राण्यामध्ये तो भरपूर वाढतो हे 1971 मध्ये कळलं, त्याचं अंगच थंड असतं, संशोधनासाठी लागणारे जंतू बहुतेक तिथूनच येतात. मी भाच्याला म्हटलं, तुझ्या मामाचा जंतू उंदरात टाकून औषध तपासायला वर्ष जाईल, तोवर आम्ही गोळ्या थांबवायच्या का? हल्ली औषधाला दाद न देणारा जंतू आहे का ते बघायला कातडीचा तुकडा जीन टेस्टला पाठवता येतो, पण ते आम्ही रोग परत उलटलाय असं वाटलं तर करतो. बाकी रोजच्या कामात आपल्याकडे ब्लेड, स्लाईड आणि डोळे.

आणि यातूनच सगळा गोंधळ पुढे होतो, कारण कल्चर फक्त जिवंत जंतूच दाखवतं आणि स्मिअर मेलेलेही मोजतं.

स्मिअर पॉझिटिव्ह म्हणजे बहुजीवाणू, जंतू भरपूर असलेला प्रकार, त्याला बहुजीवाणू एमडीटी म्हणजे एकत्र द्यायची तीन औषधं सुरू झाली, 12 महिने. महिन्यातून एकदा समोर गिळायचे रिफाम्पिसिन 600 मिलिग्रॅम आणि क्लोफाझिमिन 300, घरी रोज डॅप्सोन 100 आणि क्लोफाझिमिन 50. रिफाम्पिसिनच्या एका डोसातच 99.9 टक्के जिवंत जंतू मरतात, म्हणून मी घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं की आता यांचं ताट-तांब्या वेगळं ठेवायची काही गरज नाही. बायको आणि दोन्ही मुलांची तपासणी केली, त्यांना काही नव्हतं, प्रतिबंधक रिफाम्पिसिनचा एक डोस दिला.

सातव्या महिन्यात तो ताप घेऊन आला. हातापायावर लाल, हात लावू देत नाहीत अशा दुखऱ्या गाठी, सांधे धरलेले. गावातल्या कोणीतरी सांगितलं की गोळ्या बाधल्या, रोग अंगावर फुटला, आणि त्याने पंधरा दिवस पाकीट उघडलंच नव्हतं. मी परत स्मिअर घेतलं. बीआय 4.25, म्हणजे फारसा हललेला नाही, पण 200 सुट्या जंतूंमध्ये अखंड एकही नाही, सगळे तुटके, मणीमणी झालेले. ही टाइप टू रिॲक्शन होती. मेलेल्या जंतूंचे अवशेष एवढे साठलेले असतात की शरीर त्यांच्यावर उसळून उठतं, आणि बीआय 4 च्या वर असणाऱ्यांना हिचा धोका बराच जास्त असतो. डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन सुरू केलं, एमडीटी चालूच ठेवली. सुरुवातीचा 4.5 हा आकडा कागदावर होता म्हणून डॉक्टर आधीपासून या रिॲक्शनच्या तयारीत होते, फक्त आम्ही घरच्यांना ती लक्षणं नीट समजावून सांगितली नव्हती. ती चूक आमची. तेव्हापासून 4 च्या वर बीआय आला की मी पेशंटला त्याच दिवशी सांगते, गाठी आणि ताप आला तर गोळ्या सोडू नका, इकडे या.

बुडालेल्या गोळ्या भरून काढून बारा पाकिटं संपली. शेवटचं स्मिअर, दोन्ही कान 4+, कपाळ 4+, पाठ 3+, बीआय 3.75. उपचार पूर्ण म्हणून डॉक्टरांनी कार्डावर तसं लिहिलं आणि भाचा चिडला. त्याचं म्हणणं चूक नव्हतं हो, एवढे जंतू दिसतायत आणि तुम्ही औषध बंद करताय! मी त्याला मायक्रोस्कोपवर बसवलं आणि पहिल्या दिवशीची जपून ठेवलेली स्लाईड आधी दाखवली, मग आजची. पहिलीत गडद सरळ काड्या अधूनमधून सापडत होत्या, दुसरीत तो दहा मिनिटं शोधत राहिला आणि त्याला एकही मिळाली नाही, नुसते लाल ठिपक्यांचे तुकडे. म्हटलं, हा कचरा आहे, औषधाने उचलला जात नाही, तो शरीरच हळूहळू उचलतं. मेलेले जंतू साफ होतात तसा बीआय वर्षाला साधारण 0.6 ते 1 ने उतरतो, मग औषध चालू असो की बंद. आणि 4.5 वरून 3.75 हे ऐकायला कमी वाटलं तरी दहाच्या पटीत बघ, पाचातले चार जंतू गेलेत.

मग लक्ष कशावर ठेवायचं हेही त्याला लिहून दिलं. आकडा किती आहे यापेक्षा तो कुठल्या दिशेला चाललाय ते बघायचं. कुठल्याही एका जागेचा ग्रेड आधीपेक्षा 2+ ने वर गेला, किंवा अखंड काड्या परत दिसायला लागल्या, किंवा नवीन गाठ, नवीन जाडसरपणा आला तर रोग उलटल्याचा संशय घ्यायचा. नुसता 1+ चा फरक मी धरत नाही, कारण चीर जरा खोल गेली, ठिपका जरा जाड पसरला तरी एवढा फरक पडतो. संशय आला तर परत स्मिअर, तेच ठिकाण, शक्यतो तोच हात.

तो दरवर्षी येत राहिला, धानाची कापणी झाली की. सुरुवातीपासून तिसऱ्या वर्षी उजवा कान 3+, बाकी तिन्ही 2+, बीआय 2.25. भुवया परत आल्या नाहीत. तळपाय मात्र मधल्या काळात बधिर झाले, स्मिअर त्याबद्दल काहीही सांगत नाही, नसा वेगळ्या तपासाव्या लागतात, त्याला मऊ रबराच्या एमसीआर चपला दिल्या आणि रोज रात्री पाय पाण्यात भिजवून तेल लावायला शिकवलं.

पाचव्या वर्षी कपाळ आणि पाठ पूर्ण निगेटिव्ह. डाव्या कानात 100 फील्डमध्ये 3 जंतू, उजव्या कानात 100 फील्डमध्ये 6. दोन्ही 1+, बीआय 0.5. उजव्या कानाला मला पाऊण तास लागला. 80 च्या आसपास फील्ड होईपर्यंत 2 च सापडले होते आणि मग शेवटच्या टोकाला एकाच फील्डमध्ये 4 जण, एकमेकांना खेटून, सगळे मणीमणी झालेले. मी रिपोर्ट लिहिला, उजवा कान 1+, अखंड एकही नाही, आणि सवयीने त्याखाली रेघ मारली. भाचा आता स्वतः एका लॅबमध्ये आहे, स्लाईड बघून त्याने विचारलं, ताई, ॲसिड किती सेकंद ठेवलं होतं?